रात्रीच वाढणाऱ्या 'सिग्नल तोडला' नोंदी: स्टॉप लाइनची वेळ चुकते कुठे?

लक्षण

दिवसभर सगळं सुरळीत असतं. रात्री दहा-साडेदहा वाजून गेले की त्याच चौकात, त्याच कॅमेऱ्यावर सिग्नल तोडल्याच्या नोंदी वाढतात आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदींवर हरकत येते. हरकतीचा मजकूर जवळपास ठरलेला असतो: "साहेब, पिवळ्यावर निघालो होतो." यंत्रणेच्या नोंदीत मात्र लाल लागल्यानंतर अर्धा सेकंद, ०.४ सेकंद, ०.६ सेकंद असे आकडे दिसतात.

ही तक्रार वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण तिला एक सोयीचं उत्तर तयार असतं: रात्री लोक सिग्नल तोडतातच. ते खोटंही नाही. मुंबईच्या एलबीएस मार्गावर रात्री अकरानंतर उभं राहिलात तर अर्ध्या तासात खात्री पटेल. पण खरोखर सिग्नल तोडणारा माणूस लाल लागून दोन सेकंद झालेत की वीस, हे बघत बसत नाही. त्याच्या नोंदी लालच्या पूर्ण वेळेत विखुरलेल्या मिळतात. इथे रात्रीची वाढ सगळी पहिल्या सेकंदात दाटलेली दिसते. म्हणून पहिलं काम हे: नोंदींचे दोन ढीग करा, लाल लागल्यापासून एका सेकंदाच्या आतले आणि त्यानंतरचे. रात्री फक्त पहिला ढीग फुगत असेल, तर वाहनचालकांना दोष देण्याआधी मोजमाप तपासा.

यंत्रणा नेमकं काय मोजते

इथे घेतलेला चौक पूर्व उपनगरातला आहे, साध्या धाटणीचा. कॅमेरा स्टॉप लाइनच्या मागे, आडव्या हाताच्या खांबावर, पुढे तोंड करून बसवलेला. त्यामुळे त्याला गाड्यांची पाठ, मागची नंबरप्लेट आणि चौकाच्या पलीकडचा सिग्नल, तिन्ही एकाच चित्रात दिसतं. ही मांडणी चांगली. गाड्यांचं तोंड टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे सिग्नल राहतो, तिथे सगळी भिस्त घड्याळांवर येते.

चित्रावर दोन रेघा आखलेल्या असतात. पहिली स्टॉप लाइनवर, दुसरी चौकात १२ मीटर पुढे. दुसरी रेघ लागते, कारण आपल्याकडे स्टॉप लाइन ओलांडून झेब्रावर जाऊन थांबणारे पुष्कळ. त्यांचा गुन्हा वेगळा, त्यांना सिग्नल तोडणाऱ्यांत धरता येत नाही. गाडीने दुसरी रेघ ओलांडली की प्रोग्राम जागा होतो. त्या क्षणी लाल असेल, तर तो साठवलेल्या फ्रेममधून मागे मागे जात गाडी स्टॉप लाइनवर होती ती फ्रेम शोधतो आणि त्या फ्रेमची वेळ काढतो. लाल कधी लागला हे सिग्नलच्या कंट्रोलरकडून तारेने येतं. ते वेळापत्रकावरून काढणं मुंबईत तरी निरुपयोगी, कारण गर्दीच्या वेळी हवालदार पेटी उघडून सिग्नल हाताने चालवतात.

म्हणजे निकाल एका वजाबाकीवर ठरतो: स्टॉप लाइन ओलांडल्याची वेळ वजा लाल लागल्याची वेळ. उत्तर शून्याच्या वर आलं तर गुन्हा, खाली आलं तर नाही. लाल लागायच्या आधी जो रेघ ओलांडून गेला, तो लाल असताना चौकात दिसला तरी सिग्नल तोडणारा ठरत नाही.

एक हरकत, आकड्यांसकट

रिक्षा, रात्रीचे पावणेबारा. लाल लागल्याच्या क्षणाला शून्य धरू. नोंद सांगते की रिक्षाने दुसरी रेघ +१.२२ सेकंदाला ओलांडली आणि स्टॉप लाइन +०.५० सेकंदाला. पिवळा या चौकात ३ सेकंदांचा आहे. नोंद खरी असेल तर रिक्षावाल्याला थांबायला पुरेसा वेळ होता.

आता त्याच नोंदीतून एक आकडा काढा, जो कोणी काढत नाही. दोन रेघांमधलं अंतर १२ मीटर, वेळ १.२२ वजा ०.५०, म्हणजे ०.७२ सेकंद. वेग आला सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. ठेचकाळलेल्या काँक्रीटच्या चौकातून मागे दोन प्रवासी घेतलेली सीएनजी रिक्षा ताशी ६० ने जात नाही.

त्याच चौकातल्या दिवसाच्या नोंदी घेतल्या तर रिक्षांचा वेग ताशी ३० च्या आसपास येतो. रात्री दहानंतरच्या नोंदींत रिक्षा, टॅक्सी, बाइक, सगळ्यांचाच वेग बरोब्बर दुप्पट दिसतो. रस्ता मोकळा असला की वेग वाढतो हे मान्य. पण सगळ्या प्रकारच्या गाड्यांचा एकाच पटीत, आणि तोही रोज ठरावीक काळोख पडल्यावर, वाढत नाही. गाड्या दुप्पट पळत नाहीत, त्यांना लागलेला वेळ निम्मा मोजला जातोय.

निम्मा का, याचं उत्तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सापडतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत अंधारासाठी 'स्लो शटर'ची सोय असते आणि ती कारखान्यातूनच चालू येते. उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाला २५ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ देताच येत नाही. कॅमेऱ्याने ८० मिलिसेकंद घेतले की सेकंदाला साडेबारा फ्रेमच निघतात. चित्र उजळ दिसतं, बघणारा खूश होतो आणि फ्रेमची संख्या निम्मी झाल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रोग्राममध्ये मात्र ही ओळ असते:

```python
t_line = t_trigger - n / 25.0
```

`n` म्हणजे दुसऱ्या रेघेपासून स्टॉप लाइनपर्यंत किती फ्रेम मागे जावं लागलं. रिक्षा ताशी ३० ने, म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटरने जात असेल तर १२ मीटरला तिला १.४४ सेकंद लागतात. दिवसा तेवढ्या वेळात ३६ फ्रेम निघतात आणि ३६ भागिले २५ म्हणजे १.४४, हिशोब जुळतो. रात्री १८ च फ्रेम निघतात. १८ भागिले २५ म्हणजे ०.७२. प्रोग्राम १.४४ सेकंद मागे जायच्या ऐवजी ०.७२ सेकंदच मागे जातो, आणि स्टॉप लाइनची वेळ तेवढी पुढे सरकते.

खरा हिशोब: १.२२ वजा १.४४ म्हणजे उणे ०.२२. लाल लागायच्या जवळपास पाव सेकंद आधी रिक्षा स्टॉप लाइन ओलांडून गेली होती. रिक्षावाला पिवळ्यावरच निघाला होता.

या चुकीचं वाईट वैशिष्ट्य असं की ती नेहमी चालकाच्या विरोधात जाते. वेळ क्लिपच्या सुरुवातीपासून पुढे मोजली असती तर हीच चूक उलटी पडली असती: ओलांडण्याची वेळ खरीपेक्षा आधीची दिसली असती, काही दोषी सुटले असते आणि तक्रार करायला कोणीच आलं नसतं. मागे मोजणाऱ्या यंत्रणेत निर्दोष अडकतात, म्हणून तिथे हरकती येतात. चूक मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

क्लिपवर खात्री कशी करायची

वेगाचा पुरावा भक्कम असला तरी तो अप्रत्यक्ष आहे. फ्रेमच्या वेळा थेट बघायच्या तर:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 clip.mp4
```

दिवसाच्या क्लिपमध्ये लागोपाठच्या दोन ओळींत ०.०४ चा फरक दिसेल. रात्रीच्या क्लिपमध्ये असं काही दिसलं की शोध संपला:

```
0.000000
0.080000
0.160000
0.240000
```

क्लिपच्या माहितीत फ्रेम-दर म्हणून `25` लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. तो आकडा बहुतेक वेळा सेटिंगमधून उचललेला असतो, प्रत्यक्ष निघालेल्या फ्रेम मोजून काढलेला नसतो.

एक अडचण इथे हमखास येते. काही रेकॉर्डर येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर आपल्या मनाने ०.०४ च्या टप्प्याने नवी वेळ टाकतात. तेव्हा वरच्या कमांडचं उत्तर निर्दोष दिसतं आणि चूक आत दडून राहते. अशा वेळी चित्रातच एखादं घड्याळ शोधायचं. आपल्याकडच्या बऱ्याच सिग्नलवर उलटी मोजणी करणारा टायमर असतो. टायमर १४ वरून १३ वर आणि १३ वरून १२ वर जाताना मध्ये किती फ्रेम गेल्या ते मोजा. २४-२५ भरल्या तर ठीक. १२-१३ भरल्या तर कॅमेरा निम्म्या गतीने चालला आहे, फाइल काहीही म्हणो. टायमर नसेल किंवा हाताने सिग्नल चालवताना बंद असेल, तर चित्राच्या कोपऱ्यात छापलेल्या वेळेचा सेकंद बदलताना हीच मोजणी करा. ती वेळ खरी आहे की नाही हा वेगळा प्रश्न, पण एक सेकंद किती लांब आहे एवढं सांगायला ती पुरते.

उलट प्रकारही भेटतो. रेकॉर्डर प्रत्येक फ्रेम दोनदा लिहून २५ चा आकडा भरून काढतो. तिथे वेळ बरोबर येते, फक्त बारकावा ४० ऐवजी ८० मिलिसेकंदांचा राहतो. क्लिप एक-एक फ्रेम पुढे सरकवली की गाडी एक फ्रेम हलते, एक फ्रेम जागची हलत नाही. त्यावरून ओळखता येतं.

फोटोतला पांढरा ठिपका

मग प्रश्न येतो की नोंदीसोबतच्या फोटोत हे दिसलं कसं नाही. सिग्नल तर चित्रातच होता.

फोटो मोठा करून पाहिला की कारण कळतं. स्लो शटरमुळे दिव्यावर इतका उजेड साचतो की त्याचा मधला भाग पांढराफटक होतो. लाल, पिवळा, हिरवा, काहीही असो, मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती पुसट रंगाचं कडं. हे कडंही फसवं असतं, पिवळ्याचं कडं कॉम्प्रेशनमध्ये केशरी-तांबडं होऊन जातं. तपासणीस बसलेल्या माणसाच्या समोर वर ठळक अक्षरांत 'लाल +०.५० सेकंद' लिहिलेलं असतं, खाली तांबूस कड्याचा ठिपका असतो, आणि मागे अजून ढीगभर नोंदी पडलेल्या असतात. तो मान्यतेचं बटण दाबतो.

या फोटोत ठिपक्याची जागा बघायला हवी होती. सिग्नलच्या खोक्यात लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. खोक्याची वरची आणि खालची कड सापडली की ठिपका कितव्या खणात आहे ते सांगता येतं, रंग बघायची गरज पडत नाही. रिक्षाच्या फोटोत ठिपका मधल्या खणात होता. म्हणून आपोआप वाचन करतानासुद्धा रंगछटेवर जाण्यापेक्षा तीन खणांची सरासरी प्रकाशमानता घेऊन कुठला खण पेटलाय ते ठरवणं रात्री जास्त भरवशाचं. दिवसा रंग मदतीला येतो. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या सिग्नलवर ऊन थेट पडतं तेव्हा तिन्ही खण उजळल्यासारखे दिसतात. त्या वेळात 'सांगता येत नाही' हे उत्तर मान्य करायची तयारी ठेवा.

दिवसाची वेगळी खोड म्हणजे दिव्याचं लुकलुकणं. आपली वीज ५० हर्ट्झची. एलईडी दिव्याच्या आतला पुरवठा नीट गाळलेला नसेल तर तो सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण उन्हात कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं लहान झालं की एखादी फ्रेम नेमकी मंद क्षणी पडते आणि सगळे दिवे विझलेले दिसतात. यावर उपाय म्हणून प्रोग्राम सलग पाच फ्रेम लाल दिसल्याशिवाय लाल मानत नाही. ते योग्यच आहे, फक्त लाल ठरल्यावर त्याची वेळ त्या पाचांतल्या पहिल्या फ्रेमची धरायची. पाचव्या फ्रेमची धरली तर लाल १६० मिलिसेकंद उशिरा लागल्यासारखा होतो.

गाडीचा कोणता भाग रेघेवर होता

उणे ०.२२ हा आकडा सुद्धा रिक्षावाल्यावर थोडा अन्यायच करतो. कॅमेरा मागून बघतो, म्हणून गाडीभोवती आखलेल्या चौकटीची खालची कड म्हणजे मागची चाकं. रेघ ओलांडली असं प्रोग्राम म्हणतो तेव्हा मागची चाकं गेलेली असतात, पुढचं चाक केव्हाच पलीकडे पोचलेलं असतं. रिक्षा साधारण २.६ मीटर लांब, त्या वेगाला ०.३१ सेकंद. पुढचं चाक उणे ०.५३ ला गेलं.

रिक्षाच्या बाबतीत हा फरक किरकोळ वाटेल. १२ मीटरची बस घ्या, ताशी २० ने जाणारी. तिचं तोंड रेघेवरून गेल्यावर शेपूट जायला २.१६ सेकंद लागतात. बस पिवळा लागून दोन सेकंदांनी, म्हणजे लालच्या एक सेकंद आधी रेघेवर आली, तर तिची मागची चाकं लाल लागल्यानंतर १.१६ सेकंदाने जातात. घड्याळ बरोबर, फ्रेमच्या वेळा बरोबर, तरीही नोंद चुकीची. बस आणि ट्रकवाल्यांच्या हरकती दिवसासुद्धा जास्त येत असतील तर कारण इथे शोधा. लांब गाड्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या की लगेच दिसतं.

उपाय सोपा आहे. मागून बघणाऱ्या कॅमेऱ्यासाठी स्टॉप लाइनच्या मागे वाहनाच्या प्रकारानुसार आणखी एक रेघ धरायची: रिक्षासाठी २.६ मीटर, मोठ्या बससाठी १२ मीटर मागे. मागची चाकं त्या रेघेवर असतात तेव्हा तोंड स्टॉप लाइनवर असतं. लाल पेटला त्या फ्रेममध्ये मागची चाकं त्या रेघेच्याही मागे असतील, तरच नोंद पुढे जाऊ द्यायची.

रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं की स्टॉप लाइन नव्याने रंगवली जाते आणि ती जुन्या जागीच येईल याची कोणी हमी देत नाही. चित्रावरची रेघ मात्र जुनीच राहते. कामगारांनी रंगाचा डबा उचलला की त्याच दिवशी रेघ तपासलेली बरी.

घड्याळांचा संशय असेल तर

वरच्या हरकतीत कंट्रोलर आणि कॅमेरा यांची घड्याळं जुळलेली होती, हे आधी पाहून घेतलं होतं. ते पाहायची पद्धत सांगतो, कारण वाद म्हटलं की पहिला संशय घड्याळावरच जातो आणि निम्म्या वेळा तो खरा असतो.

चौकाचं चक्र १२० सेकंदांचं असेल तर दिवसातून ७२० वेळा लाल लागतो. प्रत्येक वेळी दोन वेळा हाती येतात: कंट्रोलरने लिहिलेली, आणि व्हिडिओत लाल पेटलेला दिसला त्या पहिल्या फ्रेमची. दोन्हींतला फरक दिवसभराचा आलेखावर मांडा. वेगळं उपकरण लागत नाही, कोणाला चौकात उभं करावं लागत नाही.

रेघ सपाट पण शून्याच्या वर, समजा ०.४ सेकंदावर असेल, तर फ्रेमला ती सर्व्हरवर पोचल्याची वेळ दिली जातेय. कॅमेऱ्याने चित्र दाबलं, नेटवर्कने आणलं, मधे ते साठवून ठेवलं गेलं, या सगळ्याला लागलेला वेळ गाडीच्या नावावर चढतो. हीसुद्धा चालकाच्या विरोधात जाणारी चूक. दुरुस्ती म्हणजे पोचण्याची वेळ सोडून चित्र घेतल्याची वेळ वापरणं. व्हिडिओच्या प्रवाहासोबत येणाऱ्या आरटीसीपीच्या अहवालात कॅमेऱ्याच्या घड्याळाची वेळ असते, तिच्यावरून प्रत्येक फ्रेमची वेळ काढता येते. एफएफएमपेगला `-use_wallclock_as_timestamps 1` देऊन कोणी प्रश्न 'सोडवला' असेल तर तो पर्याय आधी काढा, तो पोचण्याचीच वेळ लावतो.

आलेख करवतीच्या दात्यांसारखा हळूहळू चढून रोज एकाच वेळी धपकन शून्यावर येत असेल, तर कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसातून एकदाच एनटीपीशी जुळतंय. साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा दहा लाखांत वीसचा फरक सुद्धा दिवसाला १.७ सेकंद होतो. जुळणीच्या आधीचे काही तास सगळ्यात वाईट. जुळणी दर काही मिनिटांनी ठेवा, शक्यतो चौकातल्याच पेटीतल्या सर्व्हरशी.

आणि ठिपके शून्य ते एक सेकंदात सगळीकडे विखुरलेले असतील, तर कंट्रोलर पूर्ण सेकंदच लिहितोय, अपूर्णांक टाकून देतोय. इथे कुठलीही जुळणी कामाची नाही. अशा कंट्रोलरच्या नोंदीवर अर्ध्या सेकंदाचा गुन्हा ठरवणं म्हणजे विटांच्या मापाने सोनं तोलणं. त्या चौकात लाल फक्त चित्रातूनच वाचायचा. गाडी आणि दिवा एकाच फ्रेममध्ये असले की दोन घड्याळं जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

दुरुस्ती

क्रम असा ठेवावा. आधी प्रोग्राममधली ओळ. साठवलेल्या प्रत्येक फ्रेमसोबत तिची स्वतःची वेळ ठेवा आणि भागाकार काढून टाका:

```python
t_line = buf[-1 - n].t_capture
```

इथे `buf[-1]` ही दुसऱ्या रेघेवरची फ्रेम. मग कॅमेऱ्यात स्लो शटर बंद करा आणि शटरची कमाल मर्यादा सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर बांधा. चित्र काळवंडेल. त्यासाठी खांबावर दिवा वाढवावा लागतो, आणि हा खर्च टाळायला कोणीतरी स्लो शटर पुन्हा चालू करील, म्हणून सेटिंगवर नजर ठेवणारी तपासणीही लावा. ८० मिलिसेकंद शटर उघडं असताना ताशी ३० ची रिक्षा ०.६७ मीटर सरकते. तेवढ्या फरफटलेल्या चित्रात चाक रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे कोणत्याच प्रोग्रामला सांगता येणार नाही. पहिली ओळ दुरुस्त केली म्हणून दुसरी दुरुस्ती टाळू नका.

यानंतरही काही अनिश्चितता उरतेच: एका फ्रेमचे ४० मिलिसेकंद, घड्याळांच्या जुळणीचे ५०, आणि रेघ एक फूट इकडे-तिकडे असेल तर आणखी साधारण ४०. एकत्र १३० च्या आसपास. त्याची दुप्पट करून वर थोडी भर घालून ०.३ सेकंद सूट ठेवावी आणि त्याच्या आतली नोंद माणसापुढे जाऊच देऊ नये. काहींना ही उदारता वाटते. पण लाल लागून पाऊण सेकंदाने आलेला आणि पंधरा सेकंदांनी आलेला, दोघेही यातून सुटत नाहीत. सूट मिळते ती आपल्या मोजमापाला जे दिसतच नाही, तेवढ्याला.

सोबत एक कायमचा पहारा बसवा: दोन रेघांमधला वेळ, तासानुसार, वाहनाच्या प्रकारानुसार. मधली किंमत एकाएकी निम्मी किंवा दुप्पट झाली की त्या कॅमेऱ्याच्या नोंदी आपोआप थांबल्या पाहिजेत. कॅमेरा बदलला, फर्मवेअर चढवलं, कोणी सेटिंगला हात लावला, तर हरकत यायच्या आधी इथे कळतं.

आधी गेलेल्या चलानांचं काय

दुरुस्ती करून पुढे निघून जायचा मोह होतो. पण चुकीच्या ओळीने काढलेल्या नोंदींवर ई-चलान गेलेली असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ए हा नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आला. त्यानुसार चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो आणि उपकरणाचं मोजमाप द्यावं लागतं, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवावी लागते. म्हणजे मूळ क्लिप असायलाच हवी. ती असेल तर दुरुस्त मोजणी पुन्हा करता येते.

नवीन वेळा मूळ क्लिपवर छापू नका, क्लिप पुन्हा एन्कोडही करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश लिहिलेला असतो. एक बाइट बदलला तरी तो जुळत नाही, आणि मग बरोबर मोजणीसुद्धा संशयास्पद ठरते. नवी मोजणी वेगळ्या फाइलमध्ये, मूळ हॅशचा उल्लेख करून ठेवा.

कोणती चलानं पुन्हा तपासायची हे सगळी उघडून बघायची गरज नाही. नोंदीतल्या दोन रेघांमधल्या वेळेवरून वेग काढा. वेग त्या चौकातल्या त्याच प्रकारच्या गाड्यांच्या दिवसाच्या वेगाच्या दुप्पट, आणि लाल लागल्यापासूनची वेळ एका सेकंदाच्या आत, अशा नोंदी वेगळ्या काढा. त्यांत फ्रेम-दर निम्मा धरून स्टॉप लाइनची वेळ पुन्हा मोजा, वाहनाच्या लांबीला लागणारा वेळ वजा करा. उत्तर ०.३ च्या खाली आलं की चलान मागे घेण्याची शिफारस करा, हरकत आलेली असो वा नसो. ज्यांनी निमूटपणे पैसे भरले, त्यांच्या क्लिपही त्याच डिस्कवर पडलेल्या आहेत.